कालसर्प योग: मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाईला राहतो. नोकरीभर शाळेत गणित शिकवलं आणि आजोबांकडून आलेलं पत्रिका मांडण्याचं काम फावल्या वेळात चालू ठेवलं. गेल्या काही वर्षांत दारात येणाऱ्या दहांतल्या चार माणसांचा पहिला प्रश्न एकच असतो: "गुरुजी, पोरीच्या पत्रिकेत काळसर्प हाय म्हणं, आता कसं करावं?" तीच तीच उत्तरं देऊन झाल्यावर वाटलं, एकदा नीट लिहून काढावीत.

कालसर्प योग म्हणजे नेमकं काय?

पत्रिकेत राहू आणि केतू कायम समोरासमोर असतात, बरोबर 180 अंशांवर. त्यांना जोडणारी रेघ ओढली की राशिचक्राचे दोन अर्धे भाग पडतात. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातही ग्रह त्यातल्या एकाच अर्ध्या भागात आले आणि दुसरा अर्धा रिकामा राहिला, तर त्याला कालसर्प योग म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. "योग" हा शब्द मागे पडून "दोष" पुढे आला तो बोलण्यातून आणि पूजेच्या पावत्यांतून.

राहू-केतू खरे ग्रह आहेत का?

नाहीत. आकाशात बोट दाखवावं असं तिथे काही नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी साधारण 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून त्या दोन वाटा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्या दोन छेदबिंदूंची ही नावं. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ आली की ग्रहण होतं, म्हणून गिळणाऱ्या राक्षसाची गोष्ट. हे बिंदू राशिचक्रात उलटे सरकतात आणि सुमारे 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतात, म्हणजे एका राशीत साधारण दीड वर्ष. पुढचा सगळा हिशेब या सरकण्यावरच उभा आहे.

माझ्या पत्रिकेत तो आहे की नाही, हे मला स्वतःला तपासता येईल का?

येईल. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे. मात्र कुंडलीची चौकट बघून ठरवू नका, ग्रहांचे अंश लागतात. ते छापील पत्रिकेत "स्पष्ट ग्रह" या तक्त्यात असतात.

मेष रास 0 अंशांपासून सुरू होते, वृषभ 30 पासून, मिथुन 60 पासून आणि असंच 30-30 वाढत मीन 330 पासून. प्रत्येक ग्रहाच्या राशीची सुरुवात आणि त्या राशीतले अंश यांची बेरीज करा. राहूची अशीच संख्या काढा. मग प्रत्येक ग्रहातून राहू वजा करा आणि उत्तर उणे आलं तर 360 मिळवा. सातही उत्तरं 180 च्या आत असतील, किंवा सातही 180 च्या वर असतील, तर योग आहे. एक जरी पलीकडे गेला तर नाही.

आता एक उदाहरण. गंगाखेडकडच्या एका घरातली मुलगी, शिकलेली, नोकरीला लागलेली. तिची सोयरीक एका ठिकाणी जवळपास ठरली आणि मुलाकडच्यांनी मोबाइलवर पत्रिका काढून "शंखचूड कालसर्प" म्हणून नारळ परत केला. तिची खरी तारीख इथे देत नाही, त्याच आठवड्यातली दुसरी घेतो. ग्रहांची मांडणी तीच राहते. समजा जन्म 19 एप्रिल 2001, संध्याकाळी सातच्या सुमारास, तूळ लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला तूळ रास उगवत होती.

त्या दिवशी राहू मिथुनेत साधारण 16 अंशांवर होता, म्हणजे 76. केतू समोर धनूत 16 वर. सूर्य मेषेत 5 अंशांवर: 5 वजा 76, अधिक 360, उत्तर 289. गुरू वृषभेत सुमारे 16 वर, म्हणजे 46, उत्तर 330. शनी वृषभेत 6 वर, उत्तर 320. शुक्र मीनेत 7 वर, म्हणजे 337, उत्तर 261. बुध मेषेच्या उंबरठ्यावर, उत्तर 285 च्या आसपास. चंद्र कुंभेच्या मध्यावर, उत्तर 240 च्या आसपास. सहाही 180 च्या वर. इथवर काळसर्प भरत आला.

राहिला मंगळ. तो धनूत होता, पण दोन-तीन अंशांवरच. म्हणजे 242-243. त्यातून 76 गेले की उरले 166-167. केतू 180 वर, मंगळ त्याच्या अलीकडे तेरा-चौदा अंश. सहा ग्रह रेघेच्या एका अंगाला आणि मंगळ दुसऱ्या अंगाला. योग मोडला. काठावरची गोष्ट म्हणावी तर तीही नाही, तेरा अंश म्हणजे जवळपास अर्धी रास.

मग मोबाइलवर "आहे" असं का दाखवलं?

कारण ते गणित राशीवर केलेलं होतं. मंगळ आणि केतू दोघेही धनूत, एकाच घरात. कुंडलीच्या चौकटीत ते शेजारी शेजारी लिहिलेले दिसतात, त्यामुळे धनूपासून मिथुनेपर्यंत सगळे ग्रह आणि बाकीची घरं रिकामी असं चित्र तयार होतं. चौकटीत घर दिसतं, घरातली जागा दिसत नाही. राहू किंवा केतूच्या घरात तिसरा ग्रह बसलेला असेल तेव्हा हमखास हीच चूक होते. तुम्हाला कुणी काळसर्प सांगितला तर आधी तेच पाहा: राहूजवळ किंवा केतूजवळ कोण बसलंय, आणि तो रेघेच्या कोणत्या अंगाला आहे.

त्या मुलीच्या वडिलांना मी हे कागदावर मांडून दिलं. ते म्हणाले, "गुरुजी, हे त्यांना कोण समजून सांगणार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे तिची सोयरीक दुसरीकडे झाली, पत्रिका न बघणाऱ्या घरात.

"आंशिक कालसर्प" म्हणजे काय?

एखादा ग्रह बाहेर असला तरी दोष आहे असं म्हणायची ती सोय आहे. मला हा शब्द अजिबात मान्य नाही. "सगळे ग्रह एका बाजूला" ही ज्या योगाची व्याख्या, त्यात एक बाहेर गेला की उरलं काय?

त्याचा परिणाम मात्र बघण्यासारखा आहे. शनी, गुरू, मंगळ आणि चंद्र आपापल्या गतीने फिरतात. बुध-शुक्र सूर्याला धरून असतात, बुध 28 अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र 47-48 च्या पलीकडे नाही. हे लक्षात घेऊन ढोबळ हिशेब केला तर पूर्ण योग शंभरांतल्या पाचेक पत्रिकांत येतो. एक ग्रह बाहेर चालेल असं धरलं की तोच आकडा पंचवीसच्या पुढे जातो, म्हणजे दर चौथी पत्रिका. हा माझा वहीतला हिशेब आहे, त्यात एक-दोन टक्के इकडचे तिकडे होतील. पण वीसात एक असलेला योग एका शब्दाने चारात एक कसा होतो, हे त्यातून दिसतं. गिऱ्हाईक पाचपट.

तो कुणाच्या वाट्याला येतो? पूर्वजन्मीचं पाप असणाऱ्यांच्या?

जन्मतारखेच्या वाट्याला येतो. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राहू-केतूच्या रेघेच्या हिशेबाने शनी एका अंगाला साधारण साडेपाच-पावणेसहा वर्षं राहतो, गुरू साडेतीन वर्षांहून थोडा जास्त. सूर्य सुमारे 173 दिवस राहतो आणि बुध-शुक्र थोड्या फरकाने त्याच्या मागे-पुढे जातात. चंद्र फक्त साडेतेरा दिवस. म्हणजे शनी-गुरू एका अंगाला आले की एक मोठा काळ उघडतो. त्यात सूर्य आणि मंगळही त्याच अंगाला आले की काही महिने मिळतात. मग चंद्र एक पंधरवडा आत, एक पंधरवडा बाहेर असं करत योग जुळवतो आणि मोडतो. अधल्यामधल्या वर्षांत शनी आणि गुरू विरुद्ध अंगांना असले, तर कितीही बाळं जन्मली तरी एकालाही हा योग लागत नाही.

अलीकडचा काळ बघा. 2025 च्या जूनमध्ये राहू कुंभेच्या शेवटी आणि केतू सिंहेच्या शेवटी होता. शनी मीनेत, शुक्र मेषेत, सूर्य आणि गुरू मिथुनेत, बुध मिथुनेतून कर्केत चाललेला, मंगळ सिंहेत पण केतूच्या अलीकडे. सहा ग्रह एकाच अंगाला. चंद्र साधारण 18 जूनला राहू ओलांडून आत आला आणि 30 जूनच्या सुमारास केतूपाशी पोहोचून बाहेर गेला. त्या बारा-तेरा दिवसांत जन्मलेलं प्रत्येक बाळ काळसर्पाचं आहे. लातूरच्या सरकारी दवाखान्यातलं, जालन्यातल्या खासगी प्रसूतिगृहातलं, आणि लंडनमधलंही. आपल्या देशात रोज साठ हजारांच्या आसपास बाळं जन्मतात. तेरा दिवसांचे सात-आठ लाख होतात. 2 जुलैला त्याच खाटेवर जन्मलेल्या बाळाला मात्र काही नाही. मग जुलैच्या मध्यावर चंद्र परत आत आला आणि तिसऱ्या आठवड्यानंतर मंगळच केतू ओलांडून गेला, तेव्हा तो हंगाम संपला.

गंमत अशी की त्या वर्षीची नागपंचमी 29 जुलैला होती. त्या दिवशी मंगळ आणि चंद्र दोघेही कन्येत, रेघेबाहेर. ऐन नागपंचमीला जन्मलेल्या एकाही लेकराला काळसर्प नाही.

आता इतक्या लाखो लेकरांचं नशीब एकाच धाटणीचं असेल, ही कल्पना कुणाला पटत असेल तर त्याने पुढचं वाचायची गरज नाही.

बारा प्रकार कोणते, आणि त्यांतला सगळ्यांत वाईट कोणता?

राहू लग्नात असेल तर अनंत, दुसऱ्या घरात कुलिक, मग वासुकी, शंखपाल, पद्म, महापद्म, तक्षक, कर्कोटक, शंखचूड, घातक, विषधर आणि बाराव्यात शेषनाग. भीती घालायला तक्षक, घातक आणि विषधर ही नावं बरी पडतात.

पण राहू कोणत्या घरात आहे ते लग्न ठरवतं, आणि लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. चोवीस तासांत बाराही लग्नं होऊन जातात. म्हणजे योगाच्या त्या पंधरवड्यात दररोज बाराही प्रकारची बाळं जन्मतात. पहाटे पाचला एक प्रकार, सकाळी सातला दुसरा. योग आहे की नाही, याच्याशी लग्नाचा संबंध नाही. ते फक्त नाव बदलतं.

राहूपासून केतू की केतूपासून राहू, यानं फरक पडतो म्हणतात?

काही जण म्हणतात की ग्रह राहूपासून केतूपर्यंतच्या अर्ध्यात असले तरच कालसर्प, उलट्या अर्ध्यात असले तर त्याचं नाव कालामृत. काही जण नेमकं उलटं सांगतात, आणि काही जण दोन्हींना दोष म्हणतात. वर दिलेल्या मुलीचा मंगळ बाजूला ठेवला, तरी तिची पत्रिका तिघांकडे नेली असती तर एकच उत्तर आलं नसतं. ज्यांना नियमच ठरवता आलेला नाही, ते परिणाम ठामपणे कसे सांगतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

हा दोष जुन्या ग्रंथांत आहे का?

ज्या ग्रंथांवर फलज्योतिष उभं आहे, त्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात, सारावलीत किंवा पाराशरी होराशास्त्रात या नावाचा आणि या व्याख्येचा योग नाही. नाव सारखं असलेल्या दोन गोष्टी आहेत आणि गोंधळ तिथूनच होतो. एक सर्पयोग: त्यात पापग्रह केंद्रस्थानांत असणं बघतात, राहू-केतूच्या रेघेचा काही संबंध नाही. दुसरा पाराशरीतला सर्पशाप: तो संततीच्या संदर्भात येतो, पाचव्या घरातल्या राहूवरून बघतात, आणि उपाय म्हणून नागपूजा सांगितलेली आहे. कुणी पोथी उघडून "हे बघा, लिहिलंय" असं दाखवलं तर श्लोकात काय आहे ते शब्दाशब्दाने विचारा. बहुतेक वेळा तो सर्पशापाचा श्लोक निघतो.

आमच्या घरी आजोबांच्या हातच्या पत्रिकांची भेंडोळी आहेत, हळद-कुंकवाचे डाग पडलेली. मंगळ आहे, नाडी आहे, गंडांतर आहे, मूळ नक्षत्राची शांती आहे. काळसर्प हा शब्द एकाही भेंडोळ्यात नाही. मी त्यातल्या काही पत्रिका हौसेने तपासल्या. दोघांच्यात योग पूर्ण भरतो. त्यातला एक भाऊबंदकीतल्या वादात जमीन हरला आणि दुसरा ऐंशी वर्षं ठणठणीत जगला. दोन पत्रिकांवरून काही सिद्ध होत नाही, हे गणिताच्या मास्तरला सांगायला नको.

नेहरूंच्या पत्रिकेत कालसर्प होता ना?

हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. "बघा, तरी पंतप्रधान झाले" असं एक बाजू म्हणते, "बघा, तुरुंगात गेले, पत्नी लवकर गेली" असं दुसरी. अंश मात्र कुणी बघत नाही. जन्म 14 नोव्हेंबर 1889. राहू मिथुनेत सुमारे 13 अंशांवर, म्हणजे केतू धनूत 13 वर. गुरू धनूत सुमारे 15 वर. म्हणजे गुरूने केतूला दोन अंशांनी ओलांडलेलं आहे. काटेकोर व्याख्येने योग मोडतो. गंगाखेडच्या मुलीचा मंगळ आणि नेहरूंचा गुरू, दोघेही धनूतच केतूशेजारी बसून एकच घोटाळा घालतात.

जन्मवेळ नक्की नसेल तर?

योग असण्या-नसण्याला बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण चंद्र सोडून बाकीचे ग्रह दिवसभरात फार हलत नाहीत. अडचण येते ती चंद्र नेमका राहू किंवा केतूपाशी असेल तेव्हा. चंद्र दोन तासांत साधारण एक अंश चालतो. त्यात आणखी एक मेख आहे: राहूचे अंश काढायच्या दोन रीती आहेत, सरासरी चालीने काढलेला मध्यम राहू आणि त्या क्षणाच्या खऱ्या जागेचा स्पष्ट राहू. दोहोंत दीड अंशापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे चंद्राच्या चालीने तीनेक तास. एकाच बाळाची पत्रिका दोन ठिकाणी काढली आणि एकीकडे दोष, दुसरीकडे नाही असं आलं, तर बव्हंशी कारण हेच असतं. दोन्हीही आपापल्या जागी बरोबर असतात. फोनवरच्या ॲपमध्ये ही निवड सेटिंगमध्ये लपलेली असते.

लग्न जुळवताना कालसर्प बघावा का?

छत्तीस गुणांच्या मेलनात तो कुठेच नाही. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट, नाडी, या आठांत राहू-केतू येत नाहीत. ही मोजणी दोघांच्या चंद्रावरून होते. मंगळ वेगळा बघतात, पण तोही काळसर्प नव्हे. म्हणजे परंपरेने जुळवायचं म्हटलं तरी परंपरेत तो मुद्दा नाही.

आमच्याकडे खरी गोष्ट अशी आहे की नकार द्यायला कारण लागतं. हुंड्याचं जमलं नाही, मुलीचा रंग आवडला नाही, मुलाची नोकरी कंत्राटी निघाली, हे तोंडावर बोलता येत नाही. "पत्रिकेत काळसर्प निघाला" म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला वाद घालता येत नाही. फक्त ज्या मुलीवर हा शिक्का बसतो, तो पुढच्या स्थळापर्यंत तिच्याआधी पोहोचतो. पाहुण्यांत बातमी फिरायला वेळ लागत नाही. म्हणून मुलीकडच्यांना माझं एकच सांगणं असतं: असा निरोप आला तर अंश लिहून मागा. "कोणता ग्रह किती अंशांवर, राहू किती अंशांवर" एवढं विचारलं की निम्मे निरोप तिथेच थांबतात.

शांती कुठे करतात? त्र्यंबकलाच जावं लागतं का?

काळसर्प शांतीसाठी लोक मुख्यतः नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जातात. कुशावर्तावर स्नान, गणेशपूजन, पुण्याहवाचन, नवग्रहांचं आणि राहू-केतूचं पूजन, नागाच्या प्रतिमांची पूजा, हवन, असा साधारण क्रम असतो आणि दोन-तीन तासांत उरकतं. चांदीचा नाग तुम्ही न्यायचा की दक्षिणेत धरलेला, हे आधीच विचारून घ्या. भांडणं बहुतेक तिथेच होतात.

तिथेच दुसरा गोंधळ होतो. नारायण-नागबळी हा वेगळा विधी आहे, तीन दिवसांचा. तो दुर्मरण आलेल्या पितरांसाठी आणि हातून नाग मेला असेल तर करतात. त्रिपिंडी श्राद्ध आणखी निराळं. काळसर्पाची शांती करायला गेलेल्याला "आलात तर तिन्ही करून घ्या" असं सांगितलं जातं आणि चार हजार धरून निघालेला माणूस कुणाकडून तरी उसने घेऊन परत येतो. बीडकडच्या एका शेतकऱ्याने सोयाबीन विकून आलेले पैसे असे घालवले. ज्याने त्याला पाठवलं त्याचाच त्यात वाटा होता, हे त्याला नंतर कळलं.

मनाची समजूत म्हणूनच काही करायचं असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्यात अडकला असेल, तर हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आपल्या हाताशी आहे. पायऱ्या उतरून त्या अरुंद गाभाऱ्यात जायचं, अभिषेक करायचा, नाव नागनाथाचंच आहे. परळी वैजनाथ आणि वेरूळचं घृष्णेश्वरही मराठवाड्यातच. नाहीतर नागपंचमीला आपल्या घरी पाटावर नाग काढतात, दूध-लाह्या दाखवतात, त्या दिवशी चिरणं-कापणं टाळतात, तवा ठेवत नाहीत आणि पुरणाची दिंडं उकडतात. नागाची पूजा आपल्याकडे आधीपासून आहे आणि तिला पावती लागत नाही.

हातून साप मारला गेला, किंवा स्वप्नात साप दिसतो. हे काळसर्पामुळे का?

पत्रिका जन्माच्या क्षणी ठरते. नांगरताना साप मेला म्हणून गुरू-शनी आपली जागा बदलत नाहीत. स्वप्नाचंही तसंच. कापसात आणि उसात काम करणाऱ्या माणसाला साप स्वप्नात दिसणार नाही तर काय दिसणार?

खरा साप चावला तर मात्र वेळ घालवू नका. हातपाय न हलवता सरकारी दवाखाना गाठायचा, सर्पविषावरचं औषध तिथे मिळतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पत्रिका बघणं किंवा शांती करणं त्या कायद्यात येत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तोही प्रश्न येतो.

मग शेवटी किती गांभीर्याने घ्यायचं?

मी पत्रिका मांडतो, तरी कालसर्प दोष म्हणून लिहीत नाही. त्याला जुना आधार नाही, व्याख्येवर एकमत नाही आणि तो माणसाचा नसून पंधरवड्याचा आहे, ही माझी तीन कारणं.

त्याहून मोठा प्रश्न पत्रिकेवरून एकूणच काही सांगता येतं का, हा आहे. पुण्यात जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्यासह काही जणांनी एक चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन्ही गटांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकाला चाळीस, आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं दिली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. ती चाचणी काळसर्पाची नव्हती, पण पत्रिका बघणाऱ्या माझ्यासारख्याने ती विसरू नये. मी तिचं कात्रण वहीत ठेवलंय.

व्यवहारात मी लोकांना विचारतो: या शब्दामुळे तुम्ही काय थांबवलंय? कुणी ऑपरेशन पुढे ढकललेलं असतं, कुणी मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं सोडून दोन वर्षं शांत्या करत असतं. त्यांना मी पत्रिका मिटून परत देतो आणि तालुक्याच्या डॉक्टरचं नाव सांगतो. मूल न होण्याच्या बाबतीत नवऱ्याचीही तपासणी करायची असते, हेही सांगावं लागतं. काळसर्प मात्र बहुतेक घरांत सुनेच्याच पत्रिकेत सापडतो.

शांती केली. आता दोष गेला हे कसं कळणार?

कळणार नाही. पत्रिका बदलत नाही. राहू जन्माच्या वेळी जिथे होता तिथेच कागदावर राहतो. जालन्याकडचे एक जण पाच वर्षांपूर्वी त्र्यंबकला जाऊन शांती करून आले होते. गेल्या वर्षी मुलाच्या दुकानाचा मुहूर्त काढायला दुसऱ्या एकाकडे गेले. त्याने पत्रिका उघडली आणि म्हणाला, "तुम्हाला काळसर्प आहे, कुणी सांगितलं नाही का?"

ते मला विचारत होते, पावती दाखवायची का म्हणून.